एप्रिलमधला स्लॅब आणि १४ दिवसांचं पाणी

स्लॅब पडला की घरमालक निश्चिंत होतो. मिक्सर गेला, माणसं जेवून गेली, नारळ फुटला. मग तो मला विचारतो, "पाणी किती दिवस मारायचं?" त्याच्या डोक्यात पाणी मारणं म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाइप हातात धरून अंगणात सडा घालावा तसा स्लॅब भिजवणं असतं. बांधकामावर २० वर्षं काढल्यावर मी एवढं सांगू शकतो की घराचे निम्मे स्लॅब या सडा-पद्धतीनेच क्युअर होतात, म्हणजे नीट होतच नाहीत. सिमेंट पिकेपर्यंत स्लॅबमध्ये ओल टिकवून ठेवणं म्हणजे क्युरिंग.

हा लेख एका खऱ्या स्लॅबभोवती लिहिला आहे. बीड जिल्ह्यातलं एक गाव, माझ्या मामेभावाचं घर, २८ बाय ३६ फूट, म्हणजे १,००८ चौरस फूट. स्लॅब ५ इंची, सिमेंट पीपीसी म्हणजे राखमिश्रित, महिना एप्रिल. बोअर आटलेला आणि पाणी टँकरचं, तेही एक दिवसाआड. यापेक्षा वाईट परिस्थिती क्वचितच असते, म्हणून तीच घेतली. ज्याच्याकडे पाणी भरपूर आहे त्याचं काम यातूनच सोपं होईल.

कॉंक्रीटमध्ये आधीच पाणी आहे, मग बाहेरून कशाला?

हा प्रश्न मामेभावाने मला विचारला होता आणि तो अगदी रास्त आहे. मिक्सरमध्ये आपण पाणी घालतोच. मग ते पुरत नाही का?

हिशोब करून बघू. एम-२० दर्जाच्या मालात एका घनमीटरला साधारण ३२० किलो सिमेंट जातं. ५ इंची स्लॅबच्या एका चौरस मीटरमध्ये ते ४० किलो होतं. पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५५ धरलं तर त्या चौरस मीटरमध्ये आपण २२ लिटर पाणी घातलेलं असतं. सिमेंटला पूर्ण पिकायला त्याच्या वजनाच्या सुमारे ३८ टक्के पाणी लागतं. यातला मोठा भाग रासायनिक क्रियेत बांधला जातो आणि उरलेला तयार होणाऱ्या जेलच्या बारीक छिद्रांत अडकून बसतो. ४० किलोला ते झालं १५ लिटर. म्हणजे ७ लिटर जास्तीचं आहे. पाणी पुरेसंच आहे, फक्त ते आत राहिलं पाहिजे.

आता एप्रिलची दुपार आठवा. ४० अंश तापमान, कोरडी हवा, वारा सुटलेला. अशा वेळी ओल्या कॉंक्रीटच्या पृष्ठभागावरून ताशी चौरस मीटरला १ लिटर पाणी उडू शकतं. पृष्ठभाग सुकत गेला की हा वेग कमी होतो, पण शिलकीतले ७ लिटर संपायला फार दिवस लागत नाहीत. शिवाय ते सगळीकडून सारखं जात नाही. वरचा इंच-दीड इंच आधी कोरडा पडतो. छिद्रांमधली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली गेली की सिमेंटची क्रिया जवळजवळ थांबते. दाणा शिल्लक असतो, त्याला पाणी मिळत नाही आणि तो तसाच उपाशी राहतो.

आणि वरचा तोच इंच-दीड इंच आपल्याला सगळ्यात महत्त्वाचा असतो. स्लॅबच्या सळईवर कव्हर असतं २० मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. पावसाचं पाणी आणि हवा सळईपर्यंत पोचू न देण्याचं काम त्या पाऊण इंचाचं. क्युरिंग न झालेला स्लॅब सहसा पडत नाही. त्याचं कव्हर सच्छिद्र राहतं, १०-१२ वर्षांत सळई गंजायला लागते, फुगते आणि कॉंक्रीट सोलून काढते. तोपर्यंत पाणी कोणी मारलं नव्हतं हे कोणाला आठवतही नसतं.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. घरगुती मालात पाणी मुळातच जास्त असतं, त्यामुळे आतलं पाणी अडवून धरलं तरी बरंच काम भागतं. टँकरच्या गावात हाच आधार. उंच इमारतींच्या भारी कॉंक्रीटमध्ये पाण्याचं प्रमाण ०.४० च्या खाली असतं, तिथे मात्र नुसतं झाकून चालत नाही, बाहेरून पाणी द्यावंच लागतं.

किती दिवस, हे सिमेंटच्या गोणीवर ठरतं

आयएस ४५६ या भारतीय मानकात किमान मुदत दिलेली आहे. ओपीसी, म्हणजे राख किंवा स्लॅग न मिसळलेलं साधं सिमेंट असेल तर ७ दिवस. राखमिश्रित किंवा स्लॅगमिश्रित सिमेंट असेल तर १०. हवा उष्ण आणि कोरडी असेल तर कोणत्याही सिमेंटला १० पेक्षा कमी नाही, आणि मिश्र सिमेंटला ती मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी अशी शिफारस आहे.

आज गावातल्या दुकानात मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसी असतं. गोणीवर आयएस १४८९ छापलेलं दिसलं तर ते राखेचं, आयएस ४५५ दिसलं तर स्लॅगचं, आयएस २६९ दिसलं तर ओपीसी. पीपीसीत औष्णिक वीजकेंद्रातली राख असते. ती स्वतःहून घट्ट होत नाही. सिमेंट पिकताना चुना मोकळा होतो, तो चुना आणि पाणी मिळालं की राखेची क्रिया सुरू होते. म्हणजे आधी सिमेंटने काम करायचं आणि मग राखेने. ७ दिवसांनी पाणी बंद केलं तर राखेचं काम रंगात येण्याआधीच थांबतं. नीट क्युअर केलेला पीपीसीचा स्लॅब चांगला घट्ट होतो, पण ७ दिवसांत सोडलेला पीपीसी हा ७ दिवसांत सोडलेल्या ओपीसीपेक्षा वाईट ठरू शकतो. ठेकेदार म्हणतो "आम्ही कायम सातच दिवस मारतो", तेव्हा तो बहुधा ओपीसीच्या काळातली सवय सांगत असतो.

आमच्या स्लॅबला पीपीसी आणि एप्रिल, दोन्ही लागू होते. म्हणून १४ दिवस. यावर मी घासाघीस केली नाही.

स्लॅब कधी टाकायचा

मिस्त्रीचं म्हणणं होतं सकाळी ७ ला सुरू करू. छोट्या मिक्सरवर एवढ्या स्लॅबला ६-७ तास लागतात. म्हणजे शेवटचा माल दुपारी दीड-दोनला पडणार आणि सगळा स्लॅब त्याच्या सगळ्यात नाजूक वेळी भर उन्हात. मी दुपारी साडेचारची वेळ धरली. हॅलोजन लावले, रात्री ११ ला शेवटचं घमेलं रिकामं झालं. माणसांनी कुरकुर केली, रात्रीच्या जेवणाचा खर्च वाढला. पण त्या एका निर्णयाने पहिल्या ८ तासांची निम्मी काळजी मिटली.

सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा दिवसभर तापलेल्या होत्या, हात ठेवता येत नव्हता. माल टाकण्याआधी अर्धा तास त्यांच्यावर आणि सळईवर पाणी मारून त्या गार केल्या, आणि साचलेलं पाणी खराट्याने काढलं. तापलेल्या प्लेटवर पडलेला माल खालूनच सुकायला लागतो. प्लेटांच्या फटींतून पाणी जातं ते वेगळंच, म्हणून फटींना चिकटपट्टी आधीच मारून घेतली होती.

पहिले काही तास: क्युरिंग इथेच सुरू होतं

बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याकडे वळतात. पण उन्हाळ्यातल्या स्लॅबचं सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या २ ते ४ तासांत होतं.

माल टाकून पाटा फिरवला की थोड्या वेळाने वर पाण्याची झिलई येते. खडी-वाळू खाली बसते, पाणी वर येतं. हवा जर ते पाणी वर येण्यापेक्षा जास्त वेगाने उडवू लागली तर पृष्ठभाग आवळतो. आत माल अजून लिबलिबीत असतो, त्यात ओढ सहन करायची ताकद नसते, आणि तडे जातात. हे तडे ओळखायला सोपे आहेत. ते साधारण समांतर आणि तिरके असतात, हातभर लांब, वरून रुंद, स्लॅबच्या कडेपर्यंत सहसा न जाणारे. सकाळी ते दिसले की मालक घाबरतो, "सळई कमी पडली का?" सळईचा काही संबंध नसतो, रात्री वारा होता एवढंच.

आम्ही हे तडे कसे टाळले ते सांगतो. घरात फवारणीचा पाठीवरचा पंप होता. तो कपडे धुण्याची पावडर घालून तीन वेळा धुतला, कारण तणनाशकाचा अंश स्लॅबवर नको होता. बारीक नोझल लावून, हवेत धुकं पसरावं तसा फवारा मारला. पाण्याचे थेंब पडून खळगे पडता कामा नयेत, फक्त हवा ओलसर राहावी. पाटा आणि थापी फिरवून झालेल्या भागावर लगेच प्लॅस्टिक अंथरत गेलो. प्लॅस्टिकच्या सुरकुत्यांचे ठसे उमटतात, पण गच्चीवर पुढे कोबा येणार होता, त्यामुळे त्याची पर्वा नव्हती.

दोन गोष्टी मिस्त्रीला स्पष्ट बजावल्या होत्या. फवाऱ्याचं पाणी थापीने मालात मुरवायचं नाही. आणि वर झिलई दिसली म्हणून सुकं सिमेंट भुरभुरवायचं नाही. दोन्हींमुळे वरचा थर कमकुवत होतो, काही महिन्यांनी त्याची पापुद्र्यासारखी साल निघते.

रात्री साडेनऊच्या सुमाराला जिन्याजवळ वीतभर लांबीचे दोन तडे दिसलेच. माल अजून बोट रुतेल इतका मऊ होता, म्हणून लाकडी थापीने ठोकून आणि घासून ते मिटवले आणि लगेच झाकलं. हे एवढ्याच वेळेत जमतं. माल आवळल्यावर वरून सिमेंटची पेस्ट चोपडली तर तडा फक्त दिसेनासा होतो, आत तसाच राहतो.

पाणी कधी सोडायचं

घाई आणि उशीर दोन्ही चुकीचे. माल घट्ट होण्याआधी पाणी सोडलं तर वरचं सिमेंट धुऊन जातं आणि वाळू उघडी पडते. माझी खूण साधी आहे: अंगठा जोरात दाबला तरी ठसा उमटत नसेल आणि अनवाणी पाऊल ठेवलं तर खूण राहत नसेल, तर पाणी चालेल. उन्हाळ्यात हे ५-६ तासांत होतं, हिवाळ्यात १० तासही लागतात. आमच्या स्लॅबचा पहिला भाग रात्री ११ लाच तयार झाला होता, शेवटचा पहाटे ५ ला. पहिल्या भागावर रात्रीच ओली पोती टाकली, बाकीच्यावर उजाडताना.

पाणी भरपूर असेल तर: वाफे

ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने सरळ वाफे करावेत, त्याला तोड नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळू-सिमेंटच्या अगदी हलक्या मसाल्याने, १ ला ८ किंवा १० प्रमाणात, दोन-अडीच इंच उंचीचे बांध घालायचे. चांगल्या मसाल्याचे बांध घातले तर नंतर ते छिन्नी-हातोड्याने फोडावे लागतात आणि स्लॅबला इजा होते. मातीचे बांधही चालतात, पण काळी माती चिकटून राहते आणि पुढे कोब्याच्या आधी घासून धुवावी लागते.

एक वाफा साधारण ६ बाय ६ फुटांचा ठेवावा. स्लॅब दिसायला सपाट असला तरी इकडून तिकडे अर्धा-पाऊण इंच फरक असतोच. एकच मोठा हौद केला तर एका टोकाला ३ इंच पाणी आणि दुसरं टोक कोरडं राहतं.

पाणी दीड-दोन इंच भरलं की पुरे. या पाण्याच्या वजनाला लोक घाबरतात. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो, आणि स्लॅबचं स्वतःचं वजन ३०० किलोच्या वर. खाली टेकू उभे आहेत तोवर त्यांना हे जाणवतही नाही.

वाफ्यांचा आणखी एक फायदा म्हणजे स्लॅब कुठे पोकळ राहिला ते समजतं. पहिल्या दिवशी प्लेटांच्या फटींतून थोडं पाणी ठिबकतं, ते सोडून द्या. दोन दिवसांनंतरही एकाच जागी थेंब थेंब पडत असेल तर तिथे व्हायब्रेटर पोचलेला नाही. खालून प्लेटवर खडूने खूण करून ठेवा. सेंट्रिंग उघडल्यावर तिथे खडी उघडी दिसेल आणि कोबा करण्याआधी ग्राऊटिंग करून घेता येईल.

पाणी नसेल तर: पोती आणि प्लॅस्टिक

आमचा हिशोब असा होता. स्लॅबचं क्षेत्र सुमारे ९४ चौरस मीटर. १ मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. दीड इंच भरायचं तर पहिल्याच दिवशी ३,५०० लिटरच्या वर लागलं असतं. त्यात मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये उघडं पाणी दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे रोज ९०० ते १,००० लिटर, गळती वेगळी. १४ दिवसांत १८,००० लिटरच्या आसपास. गावात प्यायला टँकर असताना हे मागायची मला लाज वाटली असती.

म्हणून पोती ओली करून अंथरायची आणि त्यावर प्लॅस्टिक. पोत्यांनी पाणी धरून ठेवायचं, प्लॅस्टिकने ते उडू द्यायचं नाही.

पोती तागाची हवीत. खताची पोती प्लॅस्टिकच्या धाग्यांची असतात, ती पाणी पीतच नाहीत. आमच्याकडे साखर कारखान्याकडची तागाची पोती स्वस्तात मिळत होती. ती घेतली, पण आधी दोन पाण्यांतून खळबळून धुतली. हे हसण्यावारी नेऊ नका. साखर सिमेंटला घट्ट होऊ देत नाही, आणि ताज्या स्लॅबच्या पृष्ठभागावर साखरेचं पाणी उतरलं तर तो थर कच्चा राहू शकतो. पोती उसवून उलगडली आणि टोकं एकमेकांवर चढवली तर एवढ्या स्लॅबला ८० च्या आसपास लागली.

प्लॅस्टिकसाठी शेजारच्या शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा मिळाला, तो जाड आणि उत्तम. बाकीच्या जागेवर दुकानातून आणलेला पांढरा कागद. शेतातला मल्चिंग पेपर वापरावा असं एकाने सुचवलं. तो इतका पातळ असतो की एका वाऱ्यात चिंध्या होतात. वापरायचाच असेल तर दुहेरी करून, चंदेरी बाजू वर ठेवून. काळी बाजू वर आली तर खालचा स्लॅब उगीच तापतो. तुकडे एकमेकांवर फूटभर चढवले, कडांवर आणि सांध्यांवर वाळूचे पट्टे घातले.

पहिली भिजवण सुमारे ४०० लिटरची झाली. त्यानंतर रोज सकाळी आणि दुपारी चारला प्लॅस्टिक जागोजाग उचलून बघायचं आणि पोतं पिळून पाणी निघत नसेल तिथे पाणी घालायचं. दिवसाला दीडशे-दोनशे लिटर पुरले. सगळ्या १४ दिवसांचं मिळून ३,००० लिटरच्या आत भागलं.

बाजारात क्युरिंग कंपाऊंडही मिळतं, फवारून पातळ पापुद्रा तयार होतो. रस्त्याच्या कामाला ते छान. गच्चीवर मी टाळतो, कारण पुढे कोबा किंवा वॉटरप्रूफिंग त्यावर धड चिकटत नाही, आधी घासून काढावं लागतं.

पाणी कसलं, हेही बघायचं. पिण्याचं पाणी केव्हाही चालेल. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं खारं पाणी रोज उडून मीठ मागे ठेवतं आणि तेच पुढे सळईला खातं. कोकणात समुद्राचं किंवा खाडीचं पाणी तर अजिबात नको, मालातही नाही आणि वरूनही नाही. आणि भर दुपारी तापलेल्या उघड्या स्लॅबवर बोअरचं गार पाणी एकदम ओतू नये, पृष्ठभाग आकसून केसासारखे तडे जातात.

चौथा दिवस

चौथ्या दिवशी दुपारी वावटळ आली आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातला कागद उडाला. घरातले लग्नाला गेले होते. मी संध्याकाळी पाचला पोचलो तेव्हा पोती कडक झाली होती, पापडासारखी. ती उचलली तर खालचा स्लॅब पांढुरका पडलेला, शेजारचा झाकलेला भाग मात्र गडद राखाडी. हा रंगाचा फरक हीच सगळ्यात सोपी तपासणी आहे. स्लॅब पांढुरका दिसला की समजायचं, सिमेंटची क्रिया तिथे मंदावली आहे.

लगेच पोती भिजवली, पण आधी कोपरा थोडा निवू दिला. चार-पाच तासांच्या खंडाने सगळं वाया जात नाही. लवकर पुन्हा ओल मिळाली तर क्रिया पुन्हा सुरू होते, फक्त पूर्वीची सगळी भरपाई होत नाही. आठवडाभर सुकलेल्या स्लॅबवर मग कितीही पाणी ओता, आतपर्यंत ते पोचत नाही. म्हणून दिवसातून तीनदा सडा मारून मधल्या वेळेत सुकू देणं मला पटत नाही. त्यात क्रिया अडखळत राहते आणि ओलं-कोरडं, ओलं-कोरडं होऊन बारीक जाळीदार तडे पडतात.

दुसरी नेहमीची चूक तिसऱ्या-चौथ्या दिवशीच होते. ठेकेदाराला पॅरापेटची वीट चढवायची घाई असते. विटा, वाळूचा ढीग, पाण्याचं पिंप स्लॅबवर येतं, वाफे मोडतात, पोती गोळा करून एका बाजूला टाकली जातात. वजनाचा प्रश्न आहेच, पण मला त्याहून जास्त खुपतं ते क्युरिंग तिथेच थांबतं म्हणून. मामेभावाने ठेकेदाराला सांगितलं की १४ दिवस गच्चीवर कोणी चढणार नाही, हप्ता त्यानंतरच. हा उपाय माझ्या तांत्रिक बोलण्यापेक्षा जास्त लागू पडला.

क्यूबचा रिपोर्ट आणि स्लॅब

सुरुवातीच्या वर्षांत एका कामावर मी फसलो होतो. त्याच मालाच्या चाचणीच्या ठोकळ्याचा, म्हणजे क्यूबचा रिपोर्ट उत्तम, २८ दिवसांची ताकद हवी त्यापेक्षा जास्त. पण गच्चीवर खिळ्याने रेघ ओढली तर पीठ पडत होतं. मी लॅबवर संशय घेतला. नंतर उमगलं की क्यूब साच्यातून काढून पाण्याच्या टाकीत २७ अंशाला बुडवून ठेवतात. त्याचं क्युरिंग आदर्श असतं. क्यूब सांगतो माल कसा होता, स्लॅबने पुढे काय सोसलं ते तो सांगत नाही. म्हणून मी आता मालकाला दोन स्वस्त गोष्टी करायला सांगतो: रोज दुपारी तीनला स्लॅबचा रंग बघा, आणि मुदत संपल्यावर खिळ्याने दहा ठिकाणी रेघ ओढा. चांगल्या स्लॅबवर फक्त पांढरी खूण उमटते. खोबणी पडून भुकटी निघाली तर तिथे क्युरिंग झालेलं नाही.

खालची बाजू, कडा आणि टेकू

स्लॅबच्या तळाला प्लेटा लागलेल्या असतात तोवर तिथलं पाणी आतच राहतं. पण कडा, छज्जे आणि बीमच्या उघड्या बाजूंकडे कोणी बघत नाही. बाजूच्या फळ्या दुसऱ्या दिवशी निघतात, त्यामुळे तिथे पोती लोंबती सोडून दोरीने बांधावी लागतात.

टेकू काढायची मुदत हा वेगळा हिशोब आहे आणि लोक तो क्युरिंगशी घोळून टाकतात. आयएस ४५६ नुसार ओपीसीच्या स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठा असेल तर १४ दिवसांनी. बीमचा गाळा ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. हे आकडे हवामान १५ अंशांच्या वर असतानाचे आणि ओपीसीचे. पीपीसीला जास्त थांबावं लागतं. आमच्या खोल्या १०-१२ फुटांच्याच होत्या, तरी स्लॅबचे टेकू १४ दिवसांनी आणि बीमचे २१ दिवसांनी काढले. निफाड-नाशिककडे डिसेंबरच्या थंडीत याहून थांबावं, थंडीत पीपीसी फार हळू पिकतं.

पावसाळ्यातल्या स्लॅबबद्दल एकच सांगतो. पावसाने आठवडाभर उघडीप दिली तर ती आपल्याला क्युरिंगची सुट्टी नसते. ढगाळ हवेतही वारा सुटला की स्लॅब सुकतो.

पंधरावा दिवस

१४ दिवस झाले म्हणून भर दुपारी सगळं उचलून फेकायचं नसतं. आम्ही संध्याकाळी प्लॅस्टिक काढलं आणि पोती तशीच ठेवली. ती दोन दिवसांत आपोआप वाळली आणि स्लॅबही हळूहळू सुकला. मग झाडून खिळा फिरवला. सगळीकडे पांढरी रेघ, फक्त नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, चार-पाच फुटांच्या पट्ट्यात, किंचित भुकटी आणि जवळून बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे. तारेच्या ब्रशने सैल थर घासून काढला, पाण्याने धुतला, आणि कोबा करण्याआधी त्या जागेवर ग्राऊटचं पाणी दोनदा मुरवून घेतलं. सेंट्रिंग खोलल्यावर खालून त्या कोपऱ्यात काहीच दिसलं नाही, तळ गुळगुळीत निघाला. दोन पावसाळे झाले, अजून ओल नाही. पण गच्चीवर गेलो की मी आधी त्याच कोपऱ्याकडे जातो.